आधी नातं, मग पर्याय: समसंबंध आणि विसंगत पदाचे प्रश्न सोडवण्याची रीत

सुतार : करवत :: शिंपी : ?
(अ) कापड (ब) सुई (क) कात्री (ड) पोशाख

शाब्दिक बुद्धिमत्ता चाचणीचा सराव नुकताच सुरू केलेले बरेच जण इथे 'सुई'वर खूण करतात. शिंपी म्हटलं की सुईच आधी डोळ्यांपुढे येते, आणि ती पर्यायांत समोरच दिसते. उत्तर मात्र 'कात्री' आहे. सुतार करवतीने लाकूड कापतो, तसा शिंपी कात्रीने कापड कापतो. सुईने तो शिवतो.

आता याच प्रश्नातला फक्त दुसरा शब्द बदलून पाहा, पर्याय तेच ठेवा. 'सुतार : लाकूड' दिलं असतं, तर उत्तर 'कापड' आलं असतं, कारण दोन्ही कारागिराचा कच्चा माल आहेत. 'सुतार : खुर्ची' दिलं असतं, तर 'पोशाख' आलं असतं, कारण ती तयार वस्तू आहे. आणि 'सुतार : हातोडी' दिलं असतं, तर मात्र 'सुई' बरोबर ठरली असती. हातोडी खिळा आत घालते आणि तो आत राहून दोन तुकडे धरून ठेवतो. सुई दोरा आत घालते आणि तो दोरा तसाच राहतो.

म्हणजे चारही पर्याय शिंप्याशी खऱ्या अर्थाने जोडलेले आहेत, आणि प्रत्येक पर्याय वेगळ्या नात्याने जोडलेला आहे. चांगला प्रश्न असाच बांधलेला असतो. चुकीचे पर्याय अगदीच असंबद्ध असते, तर प्रश्नात काही उरलंच नसतं. ते दुसऱ्या कुठल्यातरी नात्याने बरोबर असतात, म्हणूनच पर्याय आधी वाचले की मन त्यांतल्या एखाद्याला धरतं आणि मग त्याला शोभेलसं नातं मागाहून शोधतं. शोधलं की ते सापडतंच. या लेखातली सगळी रीत हा उलटा प्रवास थांबवण्यासाठी आहे: आधी पूर्ण जोडीतलं नेमकं नातं शब्दांत मांडायचं, मग पर्याय तपासायचे.

नातं वाक्यात मांडा

सुरुवातीला सराव करताना पर्यायांवर खरोखरच हात ठेवा किंवा कागद झाका. मग ज्या जोडीतले दोन्ही शब्द दिलेले आहेत ती जोडी घ्या. बहुतेक वेळा ती पहिली असते, पण '? : घोडी :: वासरू : गाय' अशा मांडणीत ती दुसरी असते. सुरुवात नेहमी पूर्ण जोडीपासून करायची, मग ती कुठेही असो.

त्या दोन शब्दांचं एक वाक्य करा. वाक्यात तीन गोष्टी हव्यात. दोन्ही शब्द हवेत, ते दिलेल्या क्रमाने यायला हवेत, आणि त्यांना जोडणारं ठोस क्रियापद हवं. 'सुताराचा करवतीशी संबंध आहे' हे वाक्य निरुपयोगी आहे, कारण सुताराचा लाकडाशीही संबंध आहे आणि खुर्चीशीही. 'सुतार करवत वापरतो' हे थोडं बरं, पण वापरणं म्हणजे नेमकं काय करणं ते त्यात नाही. शिंपी सुईही वापरतो आणि कात्रीही. 'सुतार करवतीने आपला कच्चा माल कापतो' असं म्हटलं की काम झालं. या वाक्यात 'लाकूड' न म्हणता 'कच्चा माल' म्हटलं आहे, याकडे लक्ष द्या. लाकूड म्हटलं असतं, तर वाक्य शिंप्याला लागू पडलं नसतं.

नुसती एक जागा रिकामी असेल, तर पर्याय उघडण्याआधी स्वतःचं उत्तर मनात म्हणून टाका: 'शिंपी कशाने कापतो? कात्रीने.' मग पर्याय उघडा. तोच शब्द किंवा त्याचा समानार्थी शब्द दिसला तरी उरलेले तीन वाक्यात घालून बघायचेच. यात फार वेळ जात नाही. 'शिंपी सुईने कच्चा माल कापतो', हे खोटं आहे. 'शिंपी पोशाखाने कच्चा माल कापतो', याला अर्थच नाही. एखादा दुसरा पर्यायही वाक्यात चपखल बसला, तर ती धोक्याची खूण समजा: तुमचं वाक्य अजून ढिलं आहे.

दिशा

कळी : फूल :: ?
(अ) फूल : पाकळी (ब) फुलपाखरू : सुरवंट (क) सुरवंट : फुलपाखरू (ड) झाड : फांदी

पर्याय जोड्यांच्या रूपात आले की सर्वाधिक गुण दिशेच्या चुकीने जातात. 'कळी वाढून तिचं फूल होतं' हे वाक्य आहे. (ब) आणि (क) मध्ये तेच दोन शब्द उलटसुलट ठेवले आहेत. फुलपाखरू वाढून त्याचा सुरवंट होत नाही, म्हणून (क). ज्याने मनात 'आधीची आणि नंतरची अवस्था' एवढंच नाव ठेवलं, त्याला (ब) आणि (क) दोन्ही पटतात, आणि तो वर दिसलेल्या (ब)वर खूण करून पुढे जातो.

नात्याला नुसतं नाव देणं आणि नात्याचं वाक्य करणं, यातला फरक हा आहे. 'भाग आणि पूर्ण', 'कारण आणि परिणाम', 'साधन आणि काम' अशा नावांच्या याद्या पाठ करून अनेक जण परीक्षेला येतात. यादी वाईट नाही, नातं सुचायला तिची मदत होते. पण नावात दिशा टिकत नाही, वाक्यात ती आपोआप राहते, फक्त पहिला शब्द आधी आणि दुसरा नंतर घेण्याची शिस्त पाळायला हवी. कधी मराठीत उलट क्रमाने वाक्य जास्त सहज होतं, जसं 'पाकळी : फूल' साठी 'फुलाला पाकळ्या असतात'. हरकत नाही, तसं करा, पण मग पर्यायातली जोडीही त्याच उलट क्रमाने वाक्यात घाला.

वाक्य किती घट्ट असावं

ही या विषयातली खरी कला आहे, म्हणून इथे थोडं थांबू.

पान : पुस्तक :: ?
(अ) मूठ : तलवार (ब) कडी : साखळी (क) छप्पर : घर (ड) फांदी : झाड

पहिलं वाक्य सहज सुचतं: 'पान हा पुस्तकाचा भाग आहे.' पर्याय तपासा. मूठ तलवारीचा भाग आहे, कडी साखळीचा, छप्पर घराचा, फांदी झाडाचा. चारही टिकले. याचा अर्थ प्रश्न कठीण आहे असा नाही. तुमचं वाक्य जेवढं सांगतं त्यापेक्षा जास्त काहीतरी या जोडीत आहे, एवढाच त्याचा अर्थ.

वाक्य घट्ट करायचं म्हणजे काय करायचं? मूळ जोडीला प्रश्न विचारायचे. असे भाग किती असतात? पुष्कळ. एकमेकांसारखे असतात का? हो. या प्रश्नांनी वाक्य असं होतं: 'पुष्कळ एकसारखी पानं मिळून पुस्तक होतं.' आता पुन्हा तपासा. तलवारीला मूठ एकच, म्हणून (अ) गेला. घराला छप्पर एक, म्हणून (क) गेला. (ब) आणि (ड) उरले. झाडाला फांद्या पुष्कळ असतात आणि त्या साधारण सारख्या दिसतात, तेव्हा 'पुष्कळ' आणि 'एकसारख्या' एवढ्यावर (ड) पूर्णपणे पडत नाही.

आणखी एक प्रश्न विचारा: भाग एकमेकांना कसे जोडलेले आहेत? पानं एकामागून एक अशी ओळीने लागलेली असतात. 'एकामागून एक लावलेल्या, एकसारख्या पुष्कळ पानांचं मिळून पुस्तक होतं.' साखळीत कड्या अगदी अशाच एकामागून एक असतात. फांद्या खोडाला वेगवेगळ्या जागी फुटतात, त्यांना असा क्रम नसतो, आणि नुसत्या फांद्यांचं झाड होत नाही. उत्तर (ब).

कुणी म्हणेल, पुस्तकालाही मुखपृष्ठ असतं, मग ते नुसत्या पानांचं कुठे झालं? आक्षेप खरा आहे. शब्दांमधली नाती गणितासारखी शंभर टक्के जुळत नाहीत, आणि प्रश्नही 'सर्वांत जवळचं नातं' विचारत असतो. मुखपृष्ठाची अडचण धरूनही (ब) हा (ड)पेक्षा बराच जवळ आहे, आणि निवडीला तेवढं पुरतं.

उलट बाजूची चूकही होते. समजा कुणी पहिल्याच फटक्यात वाक्य केलं, 'वाचण्यासाठी छापलेल्या कागदी पानांचं पुस्तक होतं.' या वाक्यात एकही पर्याय बसत नाही. तेव्हा वाक्यातला कोणता तपशील फक्त याच जोडीपुरता आहे ते शोधायचं आणि तो काढून टाकायचा. 'वाचणं', 'छापणं', 'कागद' हे तिन्ही पुस्तकाबाहेर कुठे जाऊ शकत नाहीत. 'पुष्कळ', 'एकसारखी', 'एकामागून एक' हे मात्र दुसऱ्या वस्तूंनाही लागू पडतात. म्हणजे पदार्थाचा आणि विषयाचा तपशील गाळायचा, संख्येचा, मांडणीचा, कामाचा आणि क्रमाचा तपशील ठेवायचा. सुताराच्या वाक्यात 'लाकूड' ऐवजी 'कच्चा माल' आलं ते याचमुळे.

थोडक्यात, दोन किंवा जास्त पर्याय उरले तर वाक्यात एक तपशील घाला. एकही उरला नाही तर एक तपशील काढा. एका वेळी एकच बदल करा, म्हणजे कशाने काय झालं ते कळतं. दोन बदलांनंतरही एकच पर्याय हाती येत नसेल, तर बहुधा नात्याचा प्रकारच चुकला आहे. अशा वेळी तेच वाक्य ताणत बसण्यापेक्षा प्रश्नावर खूण करून पुढे जाणं आणि शेवटी ताज्या डोळ्यांनी परत येणं फायद्याचं ठरतं.

तीव्रतेच्या जोड्या

या प्रकारात घट्टपणाचा अर्थ 'पाऊल केवढं' असा होतो.

कोमट : उकळतं :: झुळूक : ?
(अ) वारा (ब) गारवा (क) वादळ (ड) हवा

'कोमटपेक्षा उकळतं जास्त गरम असतं' असं वाक्य केलं, तर झुळकेपेक्षा वारा जोरदार असतो आणि वादळही. दोन उरले. आता मापपट्टी डोळ्यांपुढे आणा: कोमट, गरम, उकळतं. इथे मधली पायरी ओलांडून थेट टोकाला उडी घेतली आहे. झुळूक, वारा, वादळ या पट्टीवर तशीच उडी घेतली की 'वादळ' येतं. प्रश्नात 'कोमट : गरम' असतं, तर 'वारा' बरोबर ठरला असता. उतरत्या क्रमाने जोडी दिली असेल तर पट्टीही त्याच दिशेने वाचायची, हे ओघाने आलंच.

वाक्य सुचतच नसेल तर

'डॉक्टर : शिक्षक :: रुग्णालय : ?' यात डॉक्टर आणि शिक्षक यांना जोडणारं ठोस क्रियापद सापडत नाही. अशा वेळी पहिला शब्द तिसऱ्याशी जोडून बघा. 'डॉक्टर रुग्णालयात काम करतो', म्हणून शिक्षक शाळेत. ही तिरकी वाचणी फक्त एकच जागा रिकामी असेल तेव्हा चालते. पर्याय जोड्यांचे असतील, तर नातं दिलेल्या जोडीच्या आतच असतं.

कधी नातं अर्थापेक्षा शब्दाच्या जातीत असतं. 'शूर : शौर्य :: सुंदर : ?' याला रूपवान, सौंदर्य, कुरूप, देखणा असे पर्याय दिले, तर समानार्थी शब्दांची भुरळ पडते. पण शूर हे विशेषण आणि शौर्य हे त्यापासून झालेलं भाववाचक नाम आहे, म्हणून 'सौंदर्य'. पर्यायांत नाम, विशेषण, क्रियापद असे वेगवेगळ्या जातीचे शब्द मिसळलेले दिसले, तर जोडीतल्या शब्दांची जात आधी बघा. एक-दोन पर्याय तिथेच गळतात.

आणि कधी अडचण शब्दार्थाची असते, तर्काची नसते. 'नीरज : कमळ :: नीरद : ?' नीर म्हणजे पाणी, शेवटचा 'ज' म्हणजे जन्मलेला, 'द' म्हणजे देणारा. पाण्यात जन्मतं ते कमळ, पाणी देतो तो ढग. जलज आणि जलद, अंबुज आणि अंबुद या जोड्याही अशाच आहेत. अशी एक फोड कळली की तीन प्रश्न सुटतात, म्हणून सुटे समानार्थी शब्द घोकण्यापेक्षा शब्द कसा बनला ते बघणं जास्त उपयोगी पडतं.

विसंगत पद: इथे वाक्य तिघांचं असतं

समसंबंधात निदान एक पूर्ण जोडी हातात असते. गटात न बसणारं पद शोधताना तसं काही नसतं. चार शब्द दिलेले असतात आणि त्यांतले तीन कशाने एक आहेत, ते तुम्हालाच ठरवायचं असतं. नवखे लोक विचारतात, 'यातला वेगळा कोण?' हा प्रश्न फसवा आहे, कारण नीट पाहिलं तर प्रत्येक शब्द कशात ना कशात वेगळा असतो. विचारायचं असं: 'यातल्या कोणत्या तिघांबद्दल मी एक होकारार्थी वाक्य म्हणू शकतो, जे चौथ्याबद्दल खोटं आहे?'

चौरस, आयत, समभुज चौकोन, समलंब चौकोन

पुष्कळांना 'चौरस' वेगळा वाटतो, कारण बाजू आणि कोन दोन्ही समान असलेला तो एकटाच आहे. आता उरलेल्या तिघांबद्दल वाक्य करा. आयत, समभुज चौकोन आणि समलंब चौकोन यांच्यात काय समान आहे? 'ते चौकोन आहेत', पण चौकोन तर चौरसही आहे. 'त्यांच्यात चौरसाचे सगळे गुण नाहीत', हे नकारार्थी वाक्य आहे, आणि नकाराने गट बनत नाही. 'चौरस नसणं' हा गुण तर त्रिकोणातही आहे.

म्हणून एकेक पद बाजूला ठेवून उरलेल्या तिघांना पारखा. चौरस काढला, काही हाती लागलं नाही. आयत काढला: चौरस आणि समभुज चौकोन यांच्या चारही बाजू समान असतात, पण समलंब चौकोनाच्या असायलाच हव्यात असं नाही, तेव्हा वाक्य तिघांवर पुरत नाही. समभुज चौकोन काढला: चौरस आणि आयत यांचे सगळे कोन काटकोन असतात, समलंब चौकोनाचे नसतात. पुन्हा दोन विरुद्ध दोन. समलंब चौकोन काढला: चौरस, आयत, समभुज चौकोन या तिघांत संमुख बाजूंच्या दोन्ही जोड्या समांतर असतात, म्हणजे तिघंही समांतरभुज चौकोन आहेत. समलंब चौकोनात अशी एकच जोडी समांतर असते. वाक्य होकारार्थी आहे, तिघांना लागू आहे, चौथ्याला नाही. उत्तर समलंब चौकोन.

मधल्या दोन पायऱ्यांवर जे घडलं ते ओळखायला शिका. नियम लावल्यावर चार शब्द दोन-दोनमध्ये विभागले गेले, की तो नियम कितीही खरा असला तरी लगेच सोडून द्यायचा. त्यावर विचार करत बसण्यात वेळ जातो.

पद्धत हीच, पण शब्दांऐवजी जोड्या दिलेल्या असू शकतात.

(अ) तापमापी : तापमान (ब) तराजू : वजन (क) घड्याळ : वेळ (ड) दुर्बीण : अंतर

चारही जोड्या साधन आणि मोजायची गोष्ट अशा वाटतात, आणि 'दूर' वरून 'अंतर' सहज पटतं. (अ)चं वाक्य करा: 'तापमापीने तापमान मोजतात.' हेच क्रियापद न बदलता चारही ठिकाणी चालवा. दुर्बिणीने अंतर मोजत नाहीत, लांबची वस्तू बघतात. उत्तर (ड). प्रत्येक जोडीला सोयीचं क्रियापद देत गेलात, तर 'दुर्बिणीने लांब अंतरावरचं दिसतं' हेही वाक्य खरंच वाटतं आणि विसंगती लपते. क्रियापद एकदा ठरलं की ते हलवायचं नाही.

चारही उत्तरं बरोबर वाटतील तेव्हा

बुध, शुक्र, पृथ्वी, गुरू

एकेक पद बाजूला ठेवून बघा. गुरू काढला, तर उरलेले तिघं खडकाळ, घट्ट पृष्ठभागाचे ग्रह आहेत. गुरू हा मुख्यतः हायड्रोजन आणि हेलियम वायूंचा बनलेला आहे. पृथ्वी काढली, तर उरलेल्या तिघांच्या नावाचे वार आहेत. बुध काढला, तर उरलेल्या तिघांभोवती दाट वातावरण आहे, बुधाभोवती जवळजवळ नाहीच. शुक्र काढला, तर उरलेले तिघं स्वतःभोवती पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरतात आणि शुक्र उलटा फिरतो.

चारही वाक्यं होकारार्थी, चारही खरी, आणि प्रत्येक वेळी विसंगत पद निराळं. ज्याला खगोलशास्त्राची आवड आहे तो इथे जास्त अडकतो, कारण त्याला चारही ठाऊक असतात. मग निवड कशी करायची?

नियमांना वजन असतं, आणि ते साधारण या क्रमाने उतरतं. सर्वांत वर ती वस्तू मुळात कोणत्या प्रकारची आहे, म्हणजे तिचा वर्ग. त्याखाली तिची रचना आणि तिचं काम. त्याखाली तिचा एखादा सुटा गुण. अगदी तळाशी तिच्या नावाशी जोडलेल्या गोष्टी आणि शब्दाची अक्षरं. खडकाळ ग्रह आणि वायुमय ग्रह ही ग्रहांच्या प्रकारांची विभागणी आहे, म्हणून ती वर. वातावरण आणि फिरण्याची दिशा हे सुटे गुण आहेत. वारांचा नियम ग्रहांबद्दल काही सांगतच नाही, तो नावांबद्दल आहे. म्हणून गुरू निवडावा.

अर्थात हा प्रश्न सदोष आहे, हेही तितकंच खरं. चांगला प्रश्नकर्ता उत्तर ठरवल्यावर उरलेल्या तिन्ही पदांसाठी स्वतःच वेगळा नियम शोधून बघतो, आणि सापडला तर शब्द बदलतो. पृथ्वीच्या जागी मंगळ घातला की वारांचा नियम तिथेच मोडतो, कारण मग चौघांच्या नावाचे वार होतात. परीक्षेत असा सदोष प्रश्न आला आणि उत्तरतालिकेत निराळं उत्तर निघालं, तर हरकत नोंदवताना 'माझंही उत्तर बरोबर आहे' एवढं लिहून भागत नाही. तिघांना लागू होणारं वाक्य आणि ते चौथ्याला का लागू नाही, हे दोन्ही लिहावं लागतं.

तळाचे नियम, म्हणजे अक्षरांचे, एका खुणेवरून ओळखता येतात: शब्दांच्या अर्थांचा एकमेकांशी काडीचा संबंध नसतो. 'नयन, कनक, सरस, नवल' घ्या. डोळा, सोनं, चांगलं, आश्चर्य. अर्थाने गट बनतच नाही, तेव्हा शब्दांच्या रूपाकडे वळा. पहिले तीन उलटे वाचले तरी तेच राहतात, 'नवल' राहत नाही. याउलट 'पवन, समीर, अनल, वायू' मध्ये तीन शब्दांचा अर्थ एकच दिसतो, तेव्हा अक्षरं मोजू नका, चौथ्याचा अर्थ नीट वाचा. अनिल म्हणजे वारा, अनल म्हणजे अग्नी. घाईत 'अनल'चं 'अनिल' वाचलं, तर चौघंही वाराच होतात आणि विसंगत काहीच सापडत नाही. चारही पदं एकाच गटात नेमकी बसली, की एखादा शब्द चुकीचा वाचला गेला आहे असं समजून पुन्हा अक्षरं बघा.

सरावाची वही

सरावात नुसते बरोबर-चूक मोजण्यापेक्षा चुकलेल्या प्रत्येक प्रश्नासाठी तीन गोष्टी लिहा: प्रश्न सोडवताना तुम्ही केलेलं वाक्य, ज्याने बरोबर उत्तर येतं ते वाक्य, आणि दोन्हींतला फरक एका शब्दात. तो शब्द बहुतेक वेळा या पाचांपैकी एक असतो: दिशा, ढिलं, घट्ट, शब्दार्थ, वजन. पहिला रकाना प्रामाणिकपणे भरायचा असेल, तर वाक्य सोडवतानाच समासात लिहावं लागतं. उत्तर बघितल्यावर आठवून लिहिलेलं वाक्य नकळत सुधारलेलं असतं.

रकाना रिकामाच राहत असेल, म्हणजे वाक्य न करता उत्तर दिलं जात असेल, तर काही दिवस वेळ न लावता सोडवा आणि प्रत्येक वाक्य पूर्ण लिहा. तिसऱ्या रकान्यात 'दिशा' वारंवार येत असेल, तर पर्यायातली जोडी वाक्यात घालताना बोट ठेवून क्रम पाळा. 'शब्दार्थ' वारंवार येत असेल, तर या प्रश्नांचा जास्त सराव करून काही होणार नाही. तो वेळ शब्दसंग्रहाला द्या.

हात बसला की स्वतः प्रश्न बनवा. एक जोडी घ्या, तिसरा शब्द ठरवा, बरोबर उत्तर लिहा, आणि मग त्या तिसऱ्या शब्दाशी तीन वेगळ्या नात्यांनी जोडलेले तीन चुकीचे पर्याय शोधा, जसे शिंप्यासाठी कापड, सुई आणि पोशाख होते. तिसरा पर्याय शोधताना बराच वेळ लागतो, आणि नेमकं तिथेच कळतं की परीक्षेतला कोणता पर्याय कशासाठी ठेवलेला असतो.